पाणीपुरवठा योजना पूर्ण झाली, वॉर्डाच्या सदस्य ताईंच्या अभिनंदनाच्या पत्रात नेमकं काय लिहावं?

सीनाकाठ

नमस्कार मंडळी. आमचं गाव सीनेच्या काठावरचं, सोलापूरपासून जवळच, साधारण 1800 लोकवस्ती. जलजीवनमधली नळयोजना आता चालू झालीय. नदीकाठची विहीर, तिथून गावापर्यंत पाईपलाईन, 50 हजार लिटरची उंच टाकी आणि घरोघर नळ. गावठाणात आधीपासून जुनी योजना होती, अर्धवट चालायची, पण आमच्या माळावरच्या वस्तीला (42 घरं) आजवर नळ नव्हताच. टँकर, नाहीतर कुणाच्या तरी शेतातली बोअर. आता वस्तीवर शेवटच्या घरापर्यंत पाणी येतंय.

याचं बरंचसं श्रेय आमच्या वॉर्डाच्या ग्रामपंचायत सदस्य ताईंना जातं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत वस्तीच्या वतीने अभिनंदनाचं पत्र वाचायचं ठरलंय, खाली सगळ्यांच्या सह्या. ग्रुपवर एकाने मसुदा टाकला तो असा:

"गावच्या विकासाची गंगा दारी आणणाऱ्या, कार्यसम्राज्ञी, कर्तव्यदक्ष सदस्या यांनी गावाचा पाणीप्रश्न कायमचा सोडवल्याबद्दल व योजना पूर्णपणे व समाधानकारकरीत्या पूर्ण केल्याबद्दल समस्त ग्रामस्थांच्या वतीने हार्दिक हार्दिक अभिनंदन!!"

मला हे वाचून कसंतरी झालं. ताईंनी जे केलं त्यातलं एक अक्षर यात नाही. नाव बदलून हेच पत्र उद्या रस्त्याला पण चालेल आणि समाजमंदिराला पण. तुम्ही लोक काय लिहाल? पत्र साधं असावं, एका पानात, पण त्यांना वाचून वाटलं पाहिजे की आपण काय केलं ते ह्या लोकांनी बघितलंय.

हुरडा_आणि_चटणी

पहिलं काम म्हणजे एक "हार्दिक" काढा. दोनदा लिहून दुप्पट अभिनंदन होत नसतंय.

चिंचेखालचा_कट्टा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. अभिनंदन कशाला? पैसा केंद्राचा आणि राज्याचा, काम ठेकेदाराचं, देखरेख जिल्हा परिषदेची. सदस्याने काय केलं, सही केली. आपल्याकडे बल्ब बदलला तरी फ्लेक्स लागतो. सदस्याचं काम आहे ते, त्यासाठीच निवडून दिलंय. मी तर म्हणतो पत्र द्यायचंच असेल तर वस्तीला इतकी वर्षं टँकर का लागला ते विचारणारं द्या.

सीनाकाठ

@चिंचेखालचा_कट्टा दादा, सही करून मोकळ्या झाल्या असत्या तर मीच विरोध केला असता. काय केलं ते सांगतो, थोडं मोठं आहे.

वस्तीची लाईन गावठाणाच्या कडेपासून माळावरून येते, 600 मीटर, मधे एकही घर नाही. चारी खोदून पाईप टाकायचं काम चालू होतं. ताई रोज संध्याकाळी शेतातून येताना तिथं थांबायच्या. एक दिवस पाईपचं भेंडोळं पडलं होतं, काळा पाईप, निळी पट्टी असलेला, त्यावर पांढऱ्या अक्षरात छापलेलं असतं ना, ते त्यांनी वाकून वाचलं. IS 4984, PE 100, PN 6 आणि पुढं 63. त्यांच्याकडे अंदाजपत्रकाची झेरॉक्स होती, ग्रामपंचायतीतून मागून घेतलेली. त्यात वस्तीच्या लाईनला 90 मिमी लिहिलेलं. त्यांनी मोबाईलवर छापील अक्षरांचा फोटो काढला, झेरॉक्सच्या त्या पानाचा पण काढला, आणि ग्रामसेवक, उपअभियंता दोघांनाही लेखी अर्ज दिला. तोवर जवळपास 200 मीटर चारी बुजवून पण झाली होती.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला अहो ताई, 42 घरांना 63 लई होतंय, 90 कशाला, पाणी तेवढंच येणार. गावातले पण चारचौघं म्हणाले कशाला काम अडवता, आलेलं काम परत जाईल. वस्तीतल्याच काहींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. त्या हटल्या नाहीत. बुजवलेली चारी परत उकरली, 63 काढून 90 टाकला, आणि त्याच उकरण्यात कळलं की पाईप जेमतेम फूटभर खाली होता, तो पण तीन फुटांवर नेला.

माळरान_एक्स्प्रेस

ओ तेरी. अंदाजपत्रकाची झेरॉक्स स्वतःहून मागणारा सदस्य मी तर आयुष्यात पाहिला नाही. ह्यांना आमच्या गावात पाठवा की.

पेठेतली_सुनंदा

आमच्या सोलापूर शहरात पण लिहा हो कुणीतरी पत्र! उजनी भरून वाहते तरी आम्हाला रोज पाणी नाही, पाण्याच्या दिवशी पहाटे उठून पिंपं भरायची, पाहुणे आले की आधी विचारायचं पाण्याचा वार कोणता. नगरसेवकाला फोन केला की म्हणतो लाईनचं काम चालू आहे. कुणाला माहितीय का आम्हाला रोज पाणी कधी देणार?

हुरडा_आणि_चटणी

@पेठेतली_सुनंदा काकू इथं अभिनंदनाचं पत्र लिहायचं चाललंय, तक्रारीचं नाही. पण पाहुण्यांचं अगदी खरं आहे, आमच्याकडे पण लग्नाची तारीख काढताना गुरुजींच्या आधी पाण्याचा वार बघतात.

निवृत्त_शाखाअभियंता

धागा वाचला. मी पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालोय, बरीच वर्षं अशाच योजनांवर काढली, म्हणून लिहितो.

63 आणि 90 हा फरक वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे आणि तो ताईंच्या पत्रात आलाच पाहिजे. हिशोब करून बघू. 42 घरं म्हणजे 210 माणसं धरा. माणशी 55 लिटर, म्हणजे दिवसाला साडेअकरा हजार लिटर. गावातल्या टाकीवरून वस्तीला एक तास पाळी दिली तर सेकंदाला सव्वातीन लिटरच्या आसपास पाणी त्या 600 मीटर पाईपमधून गेलं पाहिजे. सीनाकाठ, टाकी जमिनीपासून किती उंच आहे आणि वस्ती टाकीच्या जमिनीपेक्षा किती चढावर आहे ते सांगा, मग पुढचं लिहितो.

सीनाकाठ

टाकीचा तळ 12 मीटरवर आहे असं बोर्डावर लिहिलंय. वस्ती चढावर आहे, सर्व्हे करताना 5 मीटर सांगितलेलं.

निवृत्त_शाखाअभियंता

ठीक. 12 मधून 5 गेले, हातात उरले 7 मीटर. आता पाणी पाईपमधून वाहताना घर्षणात दाब जातो. 63 च्या पाईपचं आतलं तोंड 57 मिमीच्या जवळपास भरतं. त्यातून सव्वातीन लिटर न्यायचं म्हटलं तर 600 मीटरमध्ये 18 ते 19 मीटर दाब जातो. आपल्या हातात आहेत 7. म्हणजे तेवढं पाणी जाणारच नाही, नळातून करंगळीएवढी धार येईल आणि शेवटच्या घरात नुसता सुस्कारा. तेच 90 च्या पाईपमधून नेलं तर साडेतीन मीटरच्या आत भागतं, वस्तीवर जवळपास साडेतीन मीटर दाब उरतो. अंगणातल्या नळाला तेवढा पुरतो.

व्यास दीडपटीपेक्षा कमीच वाढला, पण तोटा पाचपटीहून जास्त कमी झाला. ठेकेदाराचा माणूस "पाणी तेवढंच येणार" म्हणाला ते एकाच परिस्थितीत खरं आहे, एक तासाऐवजी अडीच तास पाळी दिली तर. मग 63 मधून पण तेवढंच पाणी आलं असतं. पण अडीच तास एका वस्तीला देणार कोण, गावठाणाचे लोक व्हॉल्व्ह बंद करून टाकतात.

भीमाकाठचा_बाळू

साहेब एवढं गणित कशाला, टाकी अजून उंच बांधली असती की प्रेशर आपोआप आला असता. आमच्या गावात तसंच केलं.

निवृत्त_शाखाअभियंता

@भीमाकाठचा_बाळू अर्धं बरोबर आहे. टाकी उंच केली की नळ बंद असताना दाब वाढतो, मीटर लावून बघाल तर छान आकडा दिसेल. सगळ्यांनी नळ सोडले की मात्र बारीक पाईप तो दाब वाटेतच खातो. 63 चा पाईप ठेवून वस्तीला तेवढंच पाणी द्यायचं म्हटलं तर टाकी 12 ऐवजी 24 मीटरवर न्यावी लागली असती, तरी वस्तीवर दाब शिल्लक काहीच नाही. टाकी उंच करण्याचा खर्च बघा आणि 600 मीटर पाईपचा व्यास वाढवण्याचा बघा. शिवाय टाकी जितकी उंच तितकं पंपाचं लाईटबिल रोज जास्त, कायमचं.

भीमाकाठचा_बाळू

मग आमच्या गावात टाकी उंच करून पण खालच्या आळीला पाणी धो धो आणि वरच्या आळीला टिपूस नाही, ते यामुळंच होय?

निवृत्त_शाखाअभियंता

बहुतेक. पण पाईप न बघता सांगता येणार नाही. खालच्या आळीत नळांना तोट्या आहेत का ते आधी बघा. तोटी नसलेला नळ म्हणजे गटारात सोडलेला दाब.

अण्णा_मंगळवेढा

एक सावध करतो. ते "योजना पूर्णपणे व समाधानकारकरीत्या पूर्ण" हे शब्द बिलकूल लिहू नका!! तुमच्या सह्यांचं पत्र ठेकेदार फाईलला लावतो आणि त्यावर फायनल बिल निघतं. मग पाईप फुटला तर कुणाच्या नावाने बोंब मारणार. ग्रामस्थांचं समाधानपत्र आलं की योजना पूर्ण झाल्याचा दाखला आपोआप मिळतो, मी स्वतः बघितलंय.

निवृत्त_शाखाअभियंता

अण्णा, सावध करताय ते योग्य, पण आपोआप काही मिळत नाही. बिल मोजमाप पुस्तकातल्या नोंदीवर निघतं, अभियंत्याने मोजून सही केलेली असते, शिवाय जलजीवनमध्ये त्रयस्थ संस्थेची तपासणी आहे. काम झाल्यावर योजना चालवून बघायची, मग ती ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित व्हायची. "हर घर जल" म्हणून गाव आधी फक्त नोंदवलं जातं, खरं प्रमाणित होतं ते ग्रामसभेच्या ठरावाने, आणि त्या सभेचं चित्रीकरण पण करतात.

आता गंमत बघा, तुमचं पत्र 26 जानेवारीच्या ग्रामसभेतच वाचलं जाणार. त्याच सभेत हा ठराव विषयपत्रिकेवर असेल तर पत्राची भाषा ठरावात शिरायला वेळ लागत नाही. त्यामुळे अण्णांचा मुद्दा कारण वेगळं असलं तरी मान्य. पत्र ताईंना आहे, योजनेला प्रमाणपत्र नाही, हे शब्दांतून दिसू द्या.

अण्णा_मंगळवेढा

माझ्या गावात पत्र लावलं आणि पुढच्या महिन्यात बिल निघालं हे खरं आहे. मोजमाप पुस्तक कुणी बघितलंय.

निवृत्त_शाखाअभियंता

ग्रामपंचायतीने मागितलं तर बघायला मिळतं. मागा.

चिंचेखालचा_कट्टा

63-90 चं वाचून मी अर्धा माघार घेतो. पण माझा प्रश्न राहतोच. ताईंनी उकरायला लावलं म्हणून झालं, नाहीतर वस्ती कोरडीच राहिली असती. मग ज्याने तपासायचं त्याने का नाही तपासलं? अभिनंदनाच्या पत्रात हे पण एका ओळीत यायला हवं असं माझं मत.

सीनाकाठ

त्याचा विचार केला दादा. पण मग ते भांडणाचं पत्र होतं, आणि ताईंनाच उद्या त्याच ऑफिसात जायचंय.

टीसीएल_आणि_बादली

मी आमच्या गावचा जलसुरक्षक आहे, बार्शीच्या बाजूला. सगळ्यांनी पाईप पाईप केलं, पाण्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

नदीकाठच्या विहिरीचं पाणी आहे म्हणता, मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर रोज पडते का आणि शेवटच्या घरापर्यंत क्लोरीन पोचतं का ते बघा. तुमची टाकी 50 हजार लिटरची, पावडर ताजी आणि चांगली असेल तर हजार लिटरला 5 ग्रॅमच्या हिशोबाने एका टाकीला पाव किलो. मी काय करतो, पावडर प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवतो, चुना खाली बसू देतो, आणि वरचं निवळ पाणी तेवढं टाकीत ओततो. गाळ टाकीत गेला की लोक म्हणतात पाणी पांढरं आलं. मग निदान अर्धा तास थांबायचं आणि नंतरच व्हॉल्व्ह सोडायचा.

खरी परीक्षा टाकीपाशी नाही, शेवटच्या नळाला. तुमच्या वस्तीवरच्या सगळ्यात लांबच्या घरी जाऊन ओटी टेस्ट करायची, छोट्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की पिवळं व्हायला पाहिजे. लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी क्लोरीन तिथं उरलेलं असावं. पिवळं झालं नाही तर एक तर पावडर जुनी, पोतं उघडं राहून शक्ती गेलेली, नाहीतर पाईपमध्ये कुठंतरी घाण पाणी ओढलं जातंय.

हे दुसरं फार होतं. लोक नळाला थेट मोटर लावतात. मोटर ओढायला लागली की पाईपमध्ये पोकळी होते आणि जिथं जोड गळका आहे तिथून गटारीचं पाणी आत. तुमचा पाईप तीन फूट खाली नेला ते चांगलं केलं, ट्रॅक्टरच्या चाकाने जोड हलायचा नाही.

सीनाकाठ

@टीसीएल_आणि_बादली दादा हे माहिती नव्हतं. आमच्याकडे गावठाणात टीसीएल टाकतात हे माहितीय, वस्तीवर टेस्ट झाल्याचं मी पाहिलं नाही. मोटरचं म्हणाल तर वस्तीवर आताच दोघांनी लावलीय, गच्चीवरच्या टाकीत पाणी चढत नाही म्हणून.

निवृत्त_शाखाअभियंता

साडेतीन मीटर दाबात गच्चीवर चढणारच नाही, ते आधीच सांगायला हवं लोकांना. अंगणात खाली टाकी करा, तिच्यात नळाचं पाणी घ्या आणि तिथून मोटरने वर न्या. थेट नळाला लावलेली मोटर शेजारच्याच्या वाट्याचं पाणी ओढते. आज दोघांनी लावली, तर बघता बघता दहा होतील आणि शेवटच्या घराला पुन्हा सुस्कारा. ताईंनी 90 चा पाईप टाकून कमावलं ते मोटरवाले घालवतील.

माळरान_एक्स्प्रेस

एवढं वाचून मला वाटायलंय अभिनंदनाच्या पत्राखाली सह्या करणाऱ्यांनी "आम्ही नळाला मोटर लावणार नाही" असं लिहून द्यावं. ताईंना हारापेक्षा ते जास्त आवडेल.

सांगोल्याची_मीनल

@माळरान_एक्स्प्रेस +1. हे मस्त सुचवलंत.

माझं माहेर सांगोला तालुक्यात, सध्या पुण्यात. आमच्या भागात लांबून पाणी आणणारी मोठी प्रादेशिक योजना आहे, अनेक गावांची मिळून. लहानपणी पाणी आलं तेव्हा पेढे वाटलेले मला आठवतात. आणि मग वीजबिल थकलं म्हणून पंप बंद झालेले पण आठवतात. पाईप होता, टाकी होती, नळ होता, पाणी नव्हतं. घरात आई म्हणायची नळ कोरडा बघण्यापेक्षा नळ नव्हता तेच बरं होतं, निदान टँकरची वाट तरी बघत होतो.

म्हणून माझा प्रश्न, तुमच्या पंपाचं बिल कोण भरणार आणि पाणीपट्टी किती ठरली? पत्रात "कायमचा सोडवला" लिहिलंय ना, ते याच्यावर ठरणार.

सीनाकाठ

@सांगोल्याची_मीनल ताई, पंप 5 एचपीचा आहे, दोन वेळा टाकी भरायची तर दहा तासांच्या आसपास चालतो. पाणीपट्टी घरामागे महिना 100 ठरलीय, 360 घरं. सगळ्यांनी दिली तर 36 हजार. आत्ता निम्मी पण जमा होत नाही. वस्तीवर मात्र पहिल्या महिन्याला सगळ्यांनी दिली.

निवृत्त_शाखाअभियंता

5 एचपी दहा तास म्हणजे रोज 37 युनिट, महिन्याला अकराशेच्या पुढं. त्यात जलसुरक्षकाचं मानधन, टीसीएल, एखादा व्हॉल्व्ह, वर्षाकाठी मोटर रिवाइंडिंग. निम्मी वसुली असेल तर रोजचं भागेल, पण मोटर जळाली त्या महिन्यात लोकवर्गणी मागत फिरावं लागेल. पाणीपट्टीचं खातं ग्रामपंचायतीच्या इतर खर्चापासून वेगळं ठेवायला सांगा, ते पैसे दिवाबत्तीत गेले की परत येत नाहीत.

चिंचेखालचा_कट्टा

आणि उन्हाळा? सीनेच्या काठची विहीर म्हणता. सीनेला उन्हाळ्यात पाणी असतं का? जानेवारीत तर सगळ्याच योजना यशस्वी असतात. खरं अभिनंदन मे महिन्यात करा.

सीनाकाठ

हा मुद्दा आमच्यात पण निघालाय. उजनीतून जोडबोगद्याने सीनेत पाणी सोडलं की विहिरीला पाणी राहतं. उजनी मायनसमध्ये गेली आणि सोडलं नाही तर काय, हे आम्हाला पण माहिती नाही. विहिरीची चाचणी घेतली होती तेव्हा उन्हाळा नव्हता.

निवृत्त_शाखाअभियंता

उद्भवाची चाचणी उन्हाळ्यात घेतलेली नसेल तर येत्या एप्रिल-मेमध्ये ग्रामपंचायतीनेच घ्यावी. सोपं आहे. पंप चालू करताना विहिरीतली पातळी दोरी सोडून मोजायची, टाकी भरली की परत मोजायची आणि बंद केल्यावर किती तासांत पाणी पूर्वीइतकं चढतं ते वहीत लिहायचं. दुसरी वेळ टाकी भरायच्या आत पातळी परत येत नसेल तर विहीर एक वेळचीच आहे असं समजा. मग नळाला पाळी एक दिवसाआड करा, पण ते लोकांना मार्चमध्येच सांगा.

भीमाकाठचा_बाळू

मे महिन्यापर्यंत थांबायचं काही कारण नाही बरं का. बाईमाणसाने ठेकेदाराशी भांडून चारी उकरायला लावली, ते काम झालंय. पाऊस पडला नाही तर तो ताईंचा दोष आहे का? आत्ताच द्या पत्र.

सांगोल्याची_मीनल

@भीमाकाठचा_बाळू "बाईमाणसाने" नसतं लिहिलं तरी चाललं असतं, बाकी सगळं मान्य :)

हुरडा_आणि_चटणी

सीनाकाठ, आता तुम्ही नवा मसुदा टाका. एवढ्या चर्चेवर एक "कार्यसम्राज्ञी" पण उरली तर आम्ही सगळे 26 तारखेला तुमच्या गावात येणार, हुरडा तयार ठेवा.

सीनाकाठ

सगळ्यांचे आभार. ग्रुपवर बोलून, दोन-तीन जणांच्या घरी जाऊन हे तयार केलं:

"सदस्य ताईंना माळावरच्या वस्तीचा नमस्कार.

आपल्या वस्तीच्या 42 घरांत नळाचं पाणी आलं, त्याबद्दल आम्ही सगळे तुमचं मनापासून अभिनंदन करतो. तुम्ही अंदाजपत्रकाची प्रत मागून घेतलीत, चारीपाशी वाकून पाईपवरची अक्षरं वाचलीत आणि 63 चा पाईप काढून 90 चा टाकायला लावलात. तेव्हा काम अडवलं म्हणून आमच्यातल्याच काही जणांनी तुम्हाला बोल लावले. तरी तुम्ही रोज संध्याकाळी चारीपाशी येत राहिलात. आज शेवटच्या घराच्या अंगणात हंडा भरतो तो त्यामुळे.

हे पाणी टिकवायला आम्ही सह्या करणारी घरं कबूल करतो की नळाला थेट मोटर लावणार नाही, तोटी उघडी सोडणार नाही आणि पाणीपट्टी महिन्याच्या महिन्याला भरू. आमची विनंती एवढीच, की टाकीत टीसीएल टाकल्यावर पाण्याची तपासणी आठवड्यातून एकदा वस्तीच्या शेवटच्या नळाला व्हावी, आणि येत्या उन्हाळ्यात विहिरीची पातळी मोजून ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावी. मोजायला वस्तीतली पोरं येतील.

आपल्या, माळावरच्या वस्तीच्या सर्व रहिवाशांच्या सह्या."

टीसीएल_आणि_बादली

शेवटच्या नळाची तपासणी पत्रात घातली, लई भारी. किट ग्रामपंचायतीत असेल, प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणीचं प्रशिक्षण द्यायचं असतं, तुमच्या गावच्या कोण आहेत ते विचारा. वस्तीतलीच एखादी असेल तर उत्तम.

निवृत्त_शाखाअभियंता

पत्र चांगलं झालंय. यातलं एकही वाक्य योजना पूर्णत्वाचा दाखला म्हणून वापरता येणार नाही, अण्णांची काळजी मिटली. "बोल लावले" हे वाक्य ठेवा, काढू नका.

अण्णा_मंगळवेढा

काळजी मिटली नाही, पण पत्र चांगलं आहे. तारीख टाका आणि एक प्रत आपल्याकडे ठेवा, पोच घेऊन.

चिंचेखालचा_कट्टा

ठीक आहे. फ्लेक्स नाही ना?

सीनाकाठ

फ्लेक्स नाही. पण एक पेच राहिलाय. सरपंच म्हणतायत त्यांचं नाव पण पत्रात हवं, पाणीपुरवठा समितीचे अध्यक्ष ते आहेत. आणि मोटर लावलेल्या दोघांपैकी एक जण म्हणतो मोटर काढतो, दुसरा सही करायला तयार नाही.

सांगोल्याची_मीनल

सरपंचांना वेगळं पत्र द्या, त्यांनी जे केलं ते लिहून. ह्या पत्रात नाव घातलं की उपसरपंच येतील, मग ग्रामसेवक, मग मूळ मसुदा परत येतो. आणि सही न करणाऱ्यावर जबरदस्ती नको, 41 सह्यांनी पण पत्र जातं.

निवृत्त_शाखाअभियंता

सही न करणाऱ्याचं घर लाईनच्या सुरुवातीला आहे की शेवटी, ते सांगा. सुरुवातीला असेल तर त्याच्या मोटरने पुढच्या सगळ्यांचं पाणी कमी होईल आणि समितीला बोलावंच लागेल. शेवटी असेल तर थोडं थांबता येईल, तोवर त्याला अंगणात खालची टाकी करायचा खर्च किती येतो ते काढून द्या.

सीनाकाठ

सुरुवातीपासून तिसरं घर. उद्या खालच्या टाकीच्या खर्चाचा अंदाज घेऊन त्याच्याकडे जातो, ताई पण येतो म्हणाल्यात.